शिफारशींच्या कागदावर ‘नोटेड’ येतं आणि औषध तसंच चालू राहतं: कुठे काय तपासायचं

मी एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. वॉर्डातल्या रुग्णांची सगळी औषधं एकत्र तपासायची आणि जिथे गडबड दिसेल तिथे डॉक्टरांसाठी शिफारस लिहून फाइलला लावायची, हे माझं रोजचं काम. त्यात एकच बिघाड पुन्हा पुन्हा होतो. तपासणी बरोबर असते, सापडलेली चूक खरी असते, पण कागद वाचून काहीच बदलत नाही. आधी माझ्या स्वतःच्या कागदांत आणि नंतर इंटर्नशिपला आलेल्या फार्म.डी.च्या मुलांच्या कागदांत मी हा बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की कशानंतर काय बघायचं हे आता ठरून गेलं आहे. तोच क्रम इथे देतो. सुरुवातीच्या तपासण्यांना पाच मिनिटं आणि एक पेन पुरतं. शेवटच्या तपासण्यांना रुग्णाच्या खाटेपर्यंत जावं लागतं किंवा दुसऱ्या डॉक्टरांना फोन करावा लागतो.

लक्षणं

कागदावर सही होते, शेजारी ‘नोटेड’ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी औषधांचा तक्ता जसाच्या तसा असतो. हे सगळ्यात नेहमीचं लक्षण.

दुसरं लक्षण जास्त फसवं आहे. नऊ शिफारशींपैकी एक मान्य होते आणि ती सगळ्यात बिनमहत्त्वाची असते. महिन्याचा हिशेब मांडताना ‘शिफारस स्वीकारली’ अशी नोंद पडते, म्हणून हा बिघाड लवकर लक्षातच येत नाही.

तिसरं लक्षण म्हणजे आरएमओचा फोन: “तुमचा कागद वाचला, पण नेमकं करायचं काय?” हा फोन आला तर वाईट वाटून घेऊ नका. बिघाड कुठे आहे ते त्यांनी फुकटात सांगितलेलं असतं.

चौथं लक्षण असं, की तुमची शिफारस मान्य होते, औषध बंद होतं आणि डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी रुग्ण तेच औषध घेत परत येतो.

ज्या कागदावरून मी हे शिकलो

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण औषधं आणि आकड्यांचं गणित तसंच ठेवलं आहे. 72 वर्षांच्या आजी, वजन 48 किलो. अशक्तपणा आणि चक्कर म्हणून भरती झाल्या. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि गुडघेदुखी. तक्त्यावर टेल्मिसार्टन 40, स्पायरोनोलॅक्टोन 25, ग्लिमेपिराइड 1 आणि मेटफॉर्मिन 1000 ची एकत्र गोळी दोन वेळा, ॲस्पिरिन 75, ॲटॉर्व्हास्टॅटिन, पॅन्टोप्राझोल, थायरॉक्सिन 50 आणि कॅल्शियम. सकाळच्या रिपोर्टात पोटॅशियम 5.7 आणि क्रिएटिनिन 1.6. जुन्या फाइलीत तीन महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन 1.1 होतं. एचबीए1सी 6.3, टीएसएच 9. पहाटे चार वाजता आजींना दरदरून घाम फुटला, सिस्टरनी ग्लुकोमीटर लावला तर साखर 66.

मी नऊ मुद्द्यांचा कागद लिहिला. मुद्दे जसे सापडत गेले, त्याच क्रमाने लिहिले. पोटॅशियमचा मुद्दा सहावा होता आणि साखरेचा आठवा. पहिला मुद्दा होता ‘पॅन्टोप्राझोल जेवणानंतर दिलं जात आहे, नाश्त्याआधी द्यावं’. रात्री फाइल उघडली तेव्हा पॅन्टोप्राझोलची वेळ बदललेली होती, आणि रात्री आठची ग्लिमेपिराइडची गोळी आजींना देऊन झाली होती. मी धावत जाऊन आरएमओंना सांगितलं. रात्रभर दर दोन तासांनी साखर बघावी लागली. डॉक्टरांनी माझा कागद वाचलाच नव्हता असं नाही. राउंडच्या गर्दीत जेवढा वाचून होतो तेवढा त्यांनी वाचला होता.

पहिली तपासणी: फक्त पहिली ओळ वाचा

कागद हातात घ्या, पहिली ओळ वाचा आणि बाकीचा भाग हाताने झाका. तेवढ्यावर डॉक्टरांनी कृती केली, तर रुग्णाचा सर्वांत मोठा धोका टळेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी काही न बदलता फक्त क्रम बदला. निम्मे कागद एवढ्यानेच दुरुस्त होतात.

क्रम लावायचा कसा, इथे बहुतेक जण अडखळतात. सॉफ्टवेअर परस्परक्रियांना लाल-पिवळे रंग देतं, ते क्रमाला उपयोगी पडत नाहीत. सॉफ्टवेअरला दोन औषधांची नावं माहीत असतात, आजचं पोटॅशियम माहीत नसतं. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोनची जोडी 4.2 पोटॅशियमवर लक्ष ठेवण्याची बाब असते आणि 5.7 वर आजच्या आज हालचाल करण्याची. रंग मात्र दोन्ही वेळा तोच दिसतो. म्हाताऱ्या माणसांना कोणती औषधं टाळावीत याच्या स्टॉप किंवा बिअर्स यांसारख्या याद्यांचंही तसंच. काही सुटू नये म्हणून चाळणी म्हणून त्या चांगल्या आहेत, पण आधी कशाला हात घालायचा हे त्या सांगत नाहीत.

मी प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारतो: पुढचा डोस पोटात गेला तर काय होईल? उत्तर ‘आज रात्री किंवा उद्या इजा होऊ शकते’ असं आलं, तर मुद्दा ‘आज’ या मथळ्याखाली जातो. ‘काही दिवसांत त्रास होईल’ असं आलं तर ‘डिस्चार्जच्या आधी’. ‘काही महिन्यांत फरक पडेल’ असं आलं तर ‘पुढच्या भेटीत’. इजा किती गंभीर, होण्याची शक्यता किती आणि किती लवकर होईल, या तिन्ही गोष्टी त्या एका प्रश्नात येतात. सगळ्यांत जास्त विसरली जाते ती तिसरी गोष्ट, म्हणून मी प्रश्न डोसवर बांधला आहे. ‘आज’खाली दोनपेक्षा जास्त मुद्दे आले तर मी पुन्हा विचार करतो. खरोखर तीन असतील तर तो रुग्ण कागदाचा नाही, फोनचा आहे.

दुसरी तपासणी: प्रत्येक शिफारशीत काय करायचं ते आहे का?

मुलांच्या कागदांवर हमखास सापडणारं वाक्य म्हणजे ‘मूत्रपिंडाचं कार्य कमी असल्याने मेटफॉर्मिनच्या डोसचा विचार व्हावा’. यात करण्यासारखं काहीच नाही. विचार डॉक्टर करतातच. किती होतं, किती करायचं, कधीपासून आणि पुढे काय बघायचं, या चार गोष्टी वाक्यात असतील तर डॉक्टर उभ्याउभ्या तक्त्यावर पेन चालवू शकतात.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे, ती म्हणजे एकत्र गोळ्या. आजींच्या गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही होतं. ‘मेटफॉर्मिन निम्मं करा’ असं लिहिलं आणि कोणी गोळीच निम्मी केली, तर ग्लिमेपिराइडही निम्मं होतं. शिवाय दीर्घकाळ विरघळणारी गोळी असेल तर ती तोडायचीच नसते. म्हणून शिफारस औषधाच्या नावाने न लिहिता गोळीच्या रूपात लिहावी लागते: ‘सकाळी 1 अधिक 500 ची एकत्र गोळी, संध्याकाळी साधी मेटफॉर्मिन 500’. मग मेटफॉर्मिन दिवसाला 2000 वरून 1000 वर येतं आणि संध्याकाळचं ग्लिमेपिराइड बंद होतं. वॉर्डातल्या फार्मसीत त्या ताकदीची गोळी आहे ना, हेही शिफारस लिहिण्याआधी बघून घ्या. नसलेल्या गोळीची शिफारस मान्य होऊनही अमलात येत नाही.

औषध बंद करायला सांगत असाल तर त्याच्या जागी काय, तेही तिथेच लिहा. गुडघेदुखीची गोळी नुसती बंद केली तर दुखणं जात नाही आणि माणूस पुन्हा दुकानात जातो. आणि पर्याय म्हणून एटोरिकॉक्सिब सुचवू नका. पोटाला ती थोडी बरी असली तरी मूत्रपिंडाला आणि पोटॅशियमला तिचा त्रास तसाच असतो.

तिसरी तपासणी: काय खोडता येईल?

ही तपासणी सोपी आहे, पण मनाला जड जाते. सापडलेली प्रत्येक गोष्ट लिहिली की काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं. पण नऊ मुद्दे असले की प्रत्येकाला नवव्या हिश्श्याइतकंच लक्ष मिळतं.

आजींच्या कागदावरचे चार मुद्दे डॉक्टरांपर्यंत जायलाच नको होते. पॅन्टोप्राझोलची वेळ आणि कॅल्शियम जेवणासोबत देणं हे मी सिस्टरशी बोलून ठरवू शकत होतो. ॲटॉर्व्हास्टॅटिन रात्रीच घ्यावं हा मुद्दा मुळातच निरर्थक होता, कारण त्याचा परिणाम एवढा वेळ टिकतो की ते दिवसा कधीही घेतलं तरी चालतं. चौथा मुद्दा सॉफ्टवेअरने दाखवलेली एक परस्परक्रिया होती, जिचा आजींच्या एकाही आकड्याशी संबंध नव्हता.

आता माझा नियम असा आहे: सिस्टर, रुग्ण किंवा मी स्वतः जे करू शकतो ते डॉक्टरांच्या कागदावर येत नाही. ते फार्मसीच्या नोंदीत जातं. औषध, ताकद किंवा डोस बदलायचा असेल तरच डॉक्टरांच्या सहीची गरज लागते, आणि ती सही आपल्याला टाळता येत नाही. औषध नियम 1945 मधल्या नियम 65 च्या उपनियम 11अ प्रमाणे चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच किंवा एक्समधल्या औषधाऐवजी दुसरं औषध देण्याची मुभा दुकानाला नाही.

चौथी तपासणी: आकडा कुठला, कधीचा आणि कोणत्या सूत्राचा?

डॉक्टरांचा विश्वास इथे मिळतो किंवा जातो. प्रत्येक शिफारशीखाली तिचा आधार असलेला आकडा तारखेसह असला पाहिजे, आणि आधीचा आकडाही. ‘क्रिएटिनिन 1.6’ यापेक्षा ‘1.1 वरून तीन महिन्यांत 1.6’ हे कितीतरी जास्त सांगतं.

पोटॅशियम लिहिण्याआधी लॅबला एक फोन करा आणि नमुना हिमोलाइज्ड होता का, ते विचारा. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. एकदा अशा खोट्या आकड्यावर धावपळ झाली, की पुढच्या खऱ्या आकड्याला कोणी भाव देत नाही.

मूत्रपिंडाच्या आकड्याचा घोळ जरा सविस्तर सांगतो, कारण यात हुशार माणसंही चुकतात. आजींच्या लॅब रिपोर्टवर ईजीएफआर 34 छापलेला होता. मी कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने काढलेला आकडा 24 आला. ते गणित असं: 140 मधून वय वजा करा, म्हणजे 68. त्याला वजनाने गुणा, 3264. खाली 72 गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे 115.2. भागाकार 28.3, आणि स्त्री असल्याने त्याला 0.85 ने गुणायचं, म्हणजे 24. दोन्ही आकडे बरोबर आहेत. लॅबचा ईजीएफआर ठरावीक आकाराच्या शरीराला धरून काढलेला असतो आणि त्यात वजन येत नाही. आजी 48 किलोच्या, म्हणून फरक एवढा मोठा पडला.

मग कागदावर कुठला लिहायचा? त्या औषधाची मर्यादा ज्या आकड्यात सांगितलेली असेल, तो. मेटफॉर्मिनची मर्यादा ईजीएफआरमध्ये आहे: 30 च्या खाली द्यायचं नाही, 30 ते 45 मध्ये साधारणपणे दिवसाला 1000 च्या वर जायचं नाही. 24 बघून ‘मेटफॉर्मिन ताबडतोब बंद’ असं मी लिहिलं असतं, तर डॉक्टरांनी रिपोर्टवरचा 34 दाखवून माझा सगळाच कागद बाजूला ठेवला असता. पुष्कळ जुन्या औषधांचे डोस मात्र कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर ठरलेले आहेत, तिथे 24 लागतो. आणि दोन्ही सूत्रं क्रिएटिनिन स्थिर आहे असं गृहीत धरतात. आजींचं वर चाललं होतं, म्हणजे खरं कार्य 34 पेक्षाही कमी असू शकत होतं. म्हणून डोस कायमचा ठरवून न टाकता ‘उद्याचं क्रिएटिनिन येईपर्यंत’ एवढीच मुदत घालायची.

पाचवी तपासणी: रुग्ण नेमकं काय घेतो?

इथपर्यंत सगळं नीट असूनही शिफारस लागू पडत नसेल तर खुर्चीवरून उठा. तक्ता आणि पोट यांत अंतर असतं.

क्रिएटिनिन तीन महिन्यांत एवढं का वाढलं, याचं उत्तर आजींच्या तक्त्यावर नव्हतंच. मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसलो आणि “आजी, घरून आणलेल्या गोळ्या दाखवता का?” म्हटलं. उशाशी दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात निम्म्या संपलेल्या पट्ट्या आणि त्यांत ॲसिक्लोफेनॅक 100. “ही गुडघ्याची. हाडाच्या डॉक्टरांनी दिलेली, संपली की नातू त्याच चिठ्ठीवर आणतो. दोन वेळा घेते. हितं पण घेतली, दुखतंय म्हणून.” हाडाच्या डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिलेली गोळी तीन महिने चालू होती आणि भरती झाल्यावरही थांबली नव्हती.

टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वेदनाशामक ही तिकडी मूत्रपिंडाला तिन्ही बाजूंनी घेरते. लघवीच्या औषधाने शरीरातलं पाणी कमी होतं, वेदनाशामकाने मूत्रपिंडात येणारी रक्तवाहिनी आकुंचन पावते आणि टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी सैल पडते. गाळणीतला दाब कमी होतो. इथे तर लघवीचं औषधही पोटॅशियम राखून ठेवणारंच होतं.

‘कोणती औषधं घेता?’ असं विचारलं की माणसं डॉक्टरांनी दिलेलीच सांगतात. दुखण्याची गोळी, गॅसची पावडर, गावच्या वैद्याचा काढा हे त्यांच्या लेखी औषध नसतं. म्हणून पिशवी मागा, पट्टीवरचं घटकाचं नाव वाचा आणि किती गोळ्या उरल्या ते मोजा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असल्याचंही इथेच सापडतं.

सहावी तपासणी: शिफारशी एकमेकींच्या आड येतात का?

माझ्या पहिल्या कागदावर एक मुद्दा ‘पॅन्टोप्राझोल दोन वर्षं चालू, कारण नोंदलेलं नाही, बंद करावं’ असाही होता. स्वतंत्रपणे बघितलं तर ठीक. पण आजी ॲस्पिरिनवर होत्या आणि पिशवीत ॲसिक्लोफेनॅक होतं. या दोन्ही गोळ्या चालू असताना पोटाचं संरक्षण काढून घेणं म्हणजे रक्तस्रावाला वाट करून देणं. आधी ॲस्पिरिन का चालू आहे ते विचारायचं. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नसेल, तर या वयात ॲस्पिरिनच्या फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका जास्त असू शकतो. ॲस्पिरिन बंद झालं तर मग पॅन्टोप्राझोलचा विचार. म्हणजे दोन मुद्दे, पण त्यांचा क्रम ठरलेला, आणि दुसरा पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून.

थायरॉइडचंही असंच होतं. टीएसएच 9 म्हणून थायरॉक्सिन 75 करायचं असं फाइलीत लिहून ठेवलेलं होतं. पिशवीशी बसलो तेव्हा कळलं, की आजी सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात घेतात. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवलं तर 50 सुद्धा पुरेल कदाचित. डोस वाढवला आणि नंतर कोणी अंतरही सुरू केलं, तर मात्रा एकदम जास्त होईल. म्हणून आधी अंतर, मग 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच, आणि डोस त्यानंतर.

एका दिवशी चार औषधं बदलली तर पुढे काय कशामुळे झालं हे कळत नाही. ‘आज’चे मुद्दे आज, बाकीच्यांना थांबू द्या.

या सहा तपासण्यांनंतर दुसऱ्या दिवशी आजींचा कागद असा झाला. प्रत्यक्षात तो इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो.

> आज, रात्री 8 च्या डोसआधी
>
> 1. काल पोटॅशियम 5.7 (नमुना हिमोलाइज्ड नाही), क्रिएटिनिन तीन महिन्यांत 1.1 वरून 1.6. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत रुग्ण घरून आणलेली ॲसिक्लोफेनॅक 100 दोनदा घेत आहे. विनंती: ॲसिक्लोफेनॅक बंद, स्पायरोनोलॅक्टोन थांबवणे, आज ईसीजी, उद्या सकाळी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल 500, दिवसाला जास्तीत जास्त 4. स्पायरोनोलॅक्टोन कशासाठी सुरू केलं ते फाइलीत नाही. हृदयाच्या कमजोरीसाठी असल्यास कळवावे. टेल्मिसार्टनचा निर्णय आपला.
>
> 2. काल पहाटे साखर 66, एचबीए1सी 6.3, ईजीएफआर 34 आणि घटता. विनंती: संध्याकाळचं ग्लिमेपिराइड बंद. सकाळी 1 अधिक 500 ची एकत्र गोळी, संध्याकाळी मेटफॉर्मिन 500, उद्याचं क्रिएटिनिन येईपर्यंत.
>
> पुढच्या भेटीत
>
> 3. थायरॉक्सिन 50 च ठेवून कॅल्शियमपासून चार तासांचं अंतर. टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी.
>
> 4. ॲस्पिरिन कशासाठी चालू आहे? उत्तरावर पॅन्टोप्राझोल अवलंबून.
>
> प्रत्येकापुढे: मान्य / बदल करून मान्य / अमान्य, कारण

शेवटच्या ओळीतली ‘अमान्य, कारण’ ही जागा मला फार मोलाची वाटते. ‘नोटेड’ लिहायला तिथे जागाच उरत नाही, आणि डॉक्टरांचं कारण कित्येकदा आपल्याला नसलेली माहिती असते. या कागदावर पहिला मुद्दा मान्य झाला. दुसऱ्यापुढे ‘बदल करून मान्य’ आलं. सरांनी ग्लिमेपिराइड पूर्णच बंद केलं आणि क्रिएटिनिन उतरायला लागेपर्यंत मेटफॉर्मिनही थांबवलं. चढत्या क्रिएटिनिनवर माझ्या सूचनेपेक्षा तेच जास्त सुरक्षित होतं. तिसऱ्या दिवशी पोटॅशियम 4.9 आलं.

सातवी तपासणी: कागद योग्य माणसाकडे गेला का?

औषध बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर बिघाड जवळजवळ नेहमी इथे असतो. फिजिशियननी ॲसिक्लोफेनॅक बंद केलं तरी हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घरात तशीच असते आणि नातू ती घेऊन दुकानात जाऊ शकतो. म्हणून ज्यांनी औषध सुरू केलं त्यांना दोन ओळींची प्रत जायला हवी: काय बंद केलं, का, आणि त्याजागी काय. डिस्चार्ज कार्डावर चालू औषधांइतक्याच ठळक अक्षरांत ‘बंद केलेली औषधं’ लिहून घ्या आणि जुनी चिठ्ठी रुग्णाच्या नातेवाइकांसमोर काट मारून परत द्या. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर फोनवर मिळायला दोन-दोन दिवस जातात. तरी ते सोडू नका.

इथे थांबा, कागद लिहू नका

काही वेळा शिफारस कितीही छान रचली तरी ती चुकीच्या जागी पोचते, कारण कागद राउंडची वाट बघतो. पोटॅशियम 6 किंवा त्याहून जास्त, किंवा त्याखाली असूनही ईसीजीत बदल; साखर 54 च्या खाली, किंवा रुग्ण गुंगीत; आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट रोज घेतलेलं; वॉरफॅरिनवर आयएनआर वाढलेला आणि कुठूनही रक्त येत आहे. यातलं काहीही दिसलं तर लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करा. ते दहा मिनिटांत मिळाले नाहीत तर त्यांच्या वरिष्ठांना, नाहीतर थेट अतिदक्षता विभागाला. फोनवर आधी रुग्ण आणि खाट, मग आकडा, मग विनंती. औषधांचा इतिहास त्यांनी विचारला तर सांगा.

दुसरी थांबण्याची जागा म्हणजे निदान. स्पायरोनोलॅक्टोन हृदयासाठी आहे की नुसत्या पायाच्या सुजेसाठी, हे ठरवणं आपलं काम नाही. तिथे शिफारस न करता प्रश्न लिहा. क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशीही वाढतच असेल तर डोसांचं गणित बाजूला ठेवून मूत्रपिंडतज्ज्ञांना बोलवण्याची विनंती करा. आणि प्रत्यारोपण झालेला रुग्ण, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण किंवा गरोदर बाई यांच्या औषधांवर त्या विभागात काम केलेल्या फार्मासिस्टशी बोलल्याशिवाय एकही ओळ लिहू नका. मी आजही लिहीत नाही.

फोन झाल्यावर फाइलीत चार गोष्टी लिहा: किती वाजता, कोणाशी बोललात, काय सांगितलंत, त्यांनी काय आदेश दिला. आदेशातलं औषध आणि डोस त्यांच्याकडून फोनवरच पुन्हा म्हणून घ्या. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ कानाला फार जवळचे वाटतात.